वरच्या खोलीचा ताप: रंग, टाइल आणि आधीच लावलेलं फॉल्स सिलिंग

पार्श्वभूमी

घर अकोल्यातलं, पंचवीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं. खाली तीन खोल्या. वर दोन, त्यातली एक बारा बाय चौदाची आणि शेजारची दहा बाय बाराची. दोन्हींवर एकच पाच इंची स्लॅब, त्यावर सिमेंटचा कोबा, आणि कोब्याचा रंग इतक्या पावसाळ्यांनंतर काळपट राखाडी झालेला. घरात निवृत्त शिक्षक काका आणि काकू. मुलगा बाहेरगावी. गुडघे दुखत असूनही दोघं वरच झोपतात, कारण खाली रस्त्याचा गोंगाट. मी घरदुरुस्तीची कामं करतो. त्यांच्या ओळखीच्या एकांनी मला मार्च महिन्याच्या शेवटी तिकडे पाठवलं.

मी पोचलो तेव्हा एक उपाय करून झालेला होता. फेब्रुवारीत मोठ्या खोलीला जिप्समचं फॉल्स सिलिंग लावून घेतलं होतं. चौरस फुटाला ११० रुपये, म्हणजे साडेअठरा हजारांच्या आसपास. लावणाऱ्याने सांगितलं होतं की खोली "पाच-सहा डिग्री" थंड होईल.

अडचण

काकांचं म्हणणं सरळ होतं. "दुपारी कूलर चालू असला की भागते. रात्री मात्र खाट भट्टीवर मांडल्यासारखी लागते. सिलिंग नव्हतं तेव्हाही असंच होतं, मग पैसे गेले कुठं?"

बाहेरची हवा रात्री दहानंतर निवायला लागते, पण खोली निवत नाही, ही वरच्या मजल्याची ठरलेली तक्रार. कारण स्लॅबच्या स्वभावात आहे. काँक्रीट जड असतं. ते दिवसभर ऊन पितं आणि पाच इंच जाडीतून ती उष्णता खाली यायला चार-पाच तास लागतात. गच्ची दोन-अडीच वाजता सगळ्यात जास्त तापते आणि स्लॅबची खालची बाजू सहा ते आठच्या दरम्यान. म्हणजे माणूस संध्याकाळी खोलीत येतो तेव्हा डोक्यावरचा आख्खा स्लॅब एखाद्या हीटरसारखा खाली तोंड करून बसलेला असतो. हवेचं तापमान कितीही असो, ही उष्णता किरणांनी थेट अंगावर येते. पंख्याने हवा हलते, पण ही आच हटत नाही.

मोजणी

मी बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर बाळगतो. बटण दाबलं की समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. रंगवलेल्या गिलाव्यावर किंवा कोब्यावर तो ठीक चालतो. चकचकीत पत्र्यावर किंवा ॲल्युमिनियमवर मात्र त्याचा आकडा धरू नये.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सलग तीन दिवस मोजलं. बाहेर कमाल ४२ अंशांच्या आसपास. दुपारी अडीचला गच्चीचा कोबा ६२. संध्याकाळी सातला शेजारच्या लहान खोलीत, जिथं सिलिंग नव्हतं, स्लॅबची खालची बाजू ४६.५. मोठ्या खोलीत जिप्समची खालची बाजू ४१.५. इथवर पाहिलं तर फॉल्स सिलिंगने काम केलं होतं. छत पाच अंशांनी कमी तापलेलं दिसत होतं.

मग आम्ही एका दिव्याचं भोक मोकळं केलं आणि त्यातून वरचा स्लॅब मोजला. ४८.२. शेजारच्या उघड्या स्लॅबपेक्षाही जास्त. उघड्या स्लॅबला पंख्याचा, कूलरचा वारा लागतो, तो थोडी तरी उष्णता काढून नेतो. बंद पोकळीतल्या स्लॅबची उष्णता तिथंच कोंडते, जिप्सम हळूहळू तापवते आणि रात्री उशिरापर्यंत पुरते. त्या दिवशी रात्री साडेअकराला जिप्सम अजून ३९ वर होतं. संध्याकाळची धग कमी झाली होती, पण तीच रात्रीवर ढकलली गेली होती.

दुसरी गोष्ट मोजायला टेप लागला. सिलिंग नऊ इंच खाली आलं होतं, आणि पंखा जमिनीच्या फार जवळ येऊ नये म्हणून त्याची दांडी कापून टाकली होती. पाती जिप्समपासून जेमतेम पाच इंचांवर. पंखा वरून हवा ओढतो आणि खाली ढकलतो. वर जागाच नसेल तर ओढणार काय? निदान दहा-बारा इंच तरी सोडावे लागतात. सिलिंगच्या नावाने जी तक्रार होती, तिचा एक भाग पंख्याचा होता, आणि हे सिलिंग लावणाऱ्याच्या आणि घरच्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

पर्याय

पहिला पर्याय काकांनीच मांडला: सिलिंगच्या वर काचलोकर भरायची. दोन इंची काचलोकरीचं वजन चौरस मीटरला दीड किलोच्याही आत असतं, ते सिलिंगच्या सांगाड्याला पेलतं. ती भरली की स्लॅबची उष्णता जिप्समपर्यंत पोचणं बरंच कमी होतं. एसीची खोली असती तर मी याला लगेच होकार दिला असता. पण इथं डेझर्ट कूलर. कूलरची हवा ओलसर असते. ती दिव्यांच्या भोकांतून, कडेच्या फटींतून वर जाते. काचलोकर दमट झाली की तिचा उपयोग घटतो आणि जिप्समला बुरशीचे काळे ठिपके येतात, नंतर बोर्ड पोटात खाली उतरतात. शिवाय स्लॅब रोज ६२ पर्यंत तापणार आणि पहाटे निवणार, हे चालूच राहणार. कोब्यात केसासारख्या ज्या चिरा दिसत होत्या, त्या या रोजच्या फुगण्या-आकसण्याच्या. आतून लावलेल्या कुठल्याही गोष्टीने त्या थांबत नाहीत.

दुसरा पर्याय म्हणजे ऊन स्लॅबमध्ये शिरूच द्यायचं नाही. उन्हाळ्यात भर दुपारी गच्चीच्या एका चौरस मीटरवर साधारण ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. काळपट कोबा त्यातलं सत्तर टक्के पितो. नवा पांढरा रंग वीस टक्क्यांच्या आसपास. हा फरक एवढा मोठा आहे की त्याच्यापुढे बाकीचे उपाय दुसऱ्या नंबरचेच. मात्र रंग पांढराच हवा. आमच्याकडे पुष्कळ जण चंदेरी ॲल्युमिनियम पेंट मारतात. तो ऊन परतवतो, पण जे थोडं पितो ते किरणांनी आकाशाकडे परत सोडण्यात कंजूष असतो. म्हणून चंदेरी गच्ची पांढऱ्यापेक्षा जास्त तापते आणि रात्री सावकाश निवते.

काकांनी विचारलं, हे आपल्याकडे कोणी करतं का. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये शहराचा उष्मा आराखडा झाला आणि पुढे तिथल्या वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग देणं त्याचा भाग बनलं. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी वेगळं धोरणच आणलं. हे ऐकून काका म्हणाले, "आपल्याकडे तर आजोबाही चुनाच मारत होते." खरं होतं, आणि म्हणून चुना हा तिसरा पर्याय आम्ही चेष्टेवारी नेला नाही.

चौथा पर्याय पांढऱ्या कूल टाइल्सचा. इथं माझी भीती वजनाची होती. एका ठेकेदाराने आख्ख्या ६४० चौरस फूट गच्चीवर मसाल्यात टाइल बसवण्याचा दर दिला होता. दीड इंच मसाला आणि वर टाइल म्हटलं की चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास भार कायमचा बसतो. माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी स्लॅबच्या हिशोबात चौरस मीटरला १५० किलो वावराचा भार धरतात. जुन्या घराचे नकाशे हाताशी नाहीत, सळई किती आणि कशी टाकली ते माहीत नाही, अशा वेळी त्यातला मोठा हिस्सा टाइलने खाऊन टाकणं मला पटलं नाही. टाइल ॲढेसिव्हवर पातळ थरात बसवली तर तोच भार तीस किलोंवर येतो. पण त्यासाठी आधीचा कोबा पक्का हवा आणि त्याचा उतार बरोबर हवा, कारण पातळ थरात उतार सुधारता येत नाही.

निर्णय

इथं मी एक गोष्ट केली जी मला आता प्रत्येक घरी करावीशी वाटते. लहान खोलीच्या वर, म्हणजे जिथं खालून स्लॅब उघडा दिसतो तिथं, चार बाय चार फुटांचे दोन चौकोन आखले. एकावर डिंक मिसळलेला चुना तीन हात, दुसऱ्यावर उष्णता परतवणाऱ्या रंगाचे दोन हात. स्लॅब पाच इंचच जाड असल्याने एवढ्या चौकोनाच्या मधोमध आजूबाजूची उष्णता फारशी येत नाही. दोन कडक उन्हाचे दिवस जाऊ दिले आणि संध्याकाळी सातला खालून मोजलं. नुसत्या कोब्याखाली ४६.५, चुन्याखाली ४०.५, रंगाखाली ३९.५.

चुना आणि रंग यांत एका अंशाचा फरक! रंगाचा डबा विकणाऱ्याला हे आवडणार नाही. एक उन्हाळा काढायचा असेल, भाड्याची खोली असेल, तर चुना पुरतो. पण चुना पहिल्या जोरदार पावसात वाहून जातो आणि दर मार्चला परत मारावा लागतो. शिवाय पायाला लागतो, वाऱ्यावर उडतो. हा मुद्दा काकूंनी निकाली काढला. "गच्चीवर माझ्या कुरडया वाळतात. चुन्याची भुकटी त्यात नको."

या एका वाक्याने रंगाचाही विचार बदलला. जिन्याच्या दारापासून कठड्यापर्यंतच्या पट्ट्यात रोजचा वावर होता. कपडे, कुरडया, पापड, मिरच्या, रात्री कधी गादी. रंगावर एवढी ये-जा झाली की तो घासून काळा पडतो. म्हणून ठरलं: १४० चौरस फुटांच्या वावराच्या पट्ट्यावर ॲढेसिव्हने पातळ थरात मॅट पांढऱ्या टाइल्स, आणि उरलेल्या गच्चीवर व कठड्याच्या आतल्या बाजूवर रंग. हा पट्टा लहान खोलीवर येत होता, त्यामुळे मोठ्या खोलीवर सगळीकडे रंगच.

फॉल्स सिलिंगचं काय? काका ते काढून टाकायला निघाले होते. मी म्हटलं, राहू द्या. वरचा स्लॅब थंड झाला की हेच सिलिंग उपयोगी पडेल. फक्त पंख्याची दांडी बदला आणि कोपऱ्यात दीड फुटाचं एक उघडतं झाकण करून घ्या, वर काय चाललंय ते दिसायला.

काम

एप्रिलच्या शेवटी सुरुवात केली. आधी तारेच्या ब्रशने आणि पाण्याच्या जोराने कोबा घासला. जुनं शेवाळ सुकून पापडी झालेलं असतं. त्यावर रंग मारला तर तो शेवाळाला चिकटतो, कोब्याला नाही, आणि पहिल्या पावसाळ्यात पोपडे निघतात. चिरा करवतीने किंचित रुंद करून पॉलिमर मसाल्याने भरल्या. दोन दिवस वाळू दिलं. मग रंगाचंच पातळ अस्तर, आणि त्यावर दोन हात, एक उभा एक आडवा.

रंगाऱ्याशी एकच वाद झाला, वेळेवरून. त्याला दिवसभर काम करून उरकायचं होतं. ५५-६० अंशांच्या कोब्यावर रंग टेकताक्षणी सुकतो, खाली मुरत नाही, आणि ब्रश ओढल्याच्या रेघा राहतात. म्हणून सकाळी सहा ते नऊ एवढंच काम. त्याची दोन दिवसांची मजुरी वाढली, ती द्यावी लागली. बादलीवर दोन हातांना लिटरमागे २५ चौरस फूट लिहिलं होतं. पाचशे चौरस फुटांना वीस लिटर पुरायला हवे होते, खरखरीत कोब्याने तेवीस घेतले. रंगाऱ्याने बरोबर वीस लिटरमध्येच भागवलं असतं तर मी उलट संशय घेतला असता, कारण मग पाणी जास्त घातलेलं असतं.

चूक झाली ती क्रमाची. टाइल्स यायला चार दिवस उशीर झाला आणि मी रंग आधी उरकून घेतला. टाइल कापण्याची धूळ आणि ॲढेसिव्हचे शिंतोडे ताज्या पांढऱ्या रंगावर बसले. कडेचा दोन फुटांचा पट्टा परत रंगवावा लागला. टाइल्समध्ये तीन मिलिमीटरचे सांधे ठेवले, आणि कठड्याला लागून टाइल घट्ट न भिडवता मधे लवचिक सीलंटची फट सोडली. पांढरी असली तरी टाइल उन्हात फुगतेच. जागा नसली तर ती मधोमध उचलली जाते आणि पायाखाली पोकळ वाजते.

रंगकाम सगळं मिळून साडेतेरा हजार, टाइल्सही जवळपास तेवढेच. पंख्याची नवी दांडी तीनशेच्या आत.

परिणाम

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर ४४ असताना, परत तेच आकडे घेतले. एप्रिलपेक्षा दोन अंश जास्त उन्हाचे दिवस, हे ध्यानात ठेवून वाचावेत. दुपारी अडीचला रंगवलेली गच्ची ४७. संध्याकाळी सातला मोठ्या खोलीत सिलिंगच्या वरचा स्लॅब ४०, जिप्सम ३७.८. लहान खोलीत रंगाखाली ३९.८ आणि टाइलखाली ४१. कूलर बंद ठेवून मोठ्या खोलीतली हवा रात्री आठला ३६.५. एप्रिलमध्ये, बाहेर ऊन कमी असताना, ती ३९.५ होती.

खोली गार झाली असं कोणी म्हणणार नाही. पांढरी गच्ची खोलीला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करत नाही. स्लॅबने जी जादाची भर घातलेली असते तेवढी ती काढून घेते. पण रात्री साडेअकराला जिप्सम ३५ वर आलं होतं, आणि काकांच्या भाषेत भट्टी विझली होती. कूलर पहाटे दोनला बंद करता येऊ लागला. पंख्याचा वारा खाटेवर लागतो हे काकूंनी आपण होऊन सांगितलं. त्यातला किती भाग रंगाचा आणि किती दांडीचा, हे वेगळं काढता येणार नाही.

आता नवा दोषी दिसू लागला. संध्याकाळी पश्चिमेची भिंत आतून ४२. आधी स्लॅबच्या धगीत ती झाकली गेली होती. बाहेरून बांबूचा पडदा सोडला, त्याने थोडं भागलं. तिथं नीट काम अजून व्हायचं आहे.

जूनच्या सुरुवातीला वावटळी आल्या आणि रंगावर मातीचा थर बसला. दुपारी मोजलं तर ४७ च्या जागी ५१. काकांनी खराट्याने आणि पाण्याने धुतलं, आकडा दुसऱ्या दिवशी ४७ ला परत. पांढऱ्या गच्चीचा सगळ्यात कमी सांगितला जाणारा खर्च हा आहे: एप्रिल ते जून, महिन्यातून एकदा धुणं. पाण्याची टंचाई असलेल्या वस्तीत तो छोटा खर्च नाही.

जुलैमध्ये त्या झाकणाने स्वतःचे पैसे वसूल केले. काकांनी ते सहज उघडलं तर टाकीच्या पाइपपाशी स्लॅबला ओल. रंग मारताना पाइपभोवतीची फट आम्ही नीट भरली नव्हती. झाकण नसतं तर जिप्समवर पिवळा डाग उमटेपर्यंत, म्हणजे बोर्ड खराब होईपर्यंत, कळलं नसतं.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम उलटा धरला असता. आधी गच्ची, मग पंखा आणि भिंत, आणि सिलिंगचा विचार पुढच्या उन्हाळ्यात. ४० अंशांच्या स्लॅबखाली कदाचित काकांनी साडेअठरा हजार खर्चलेच नसते. लहान खोलीत सिलिंग नाही आणि तिथं कोणी तक्रार करत नाही.

सिलिंग लावायचंच असतं तर जिप्समच्या वरच्या बाजूला ॲल्युमिनियमचा कागद लावून घेतला असता. पोकळीतली बरीचशी उष्णता किरणांनीच खाली येते आणि चकचकीत कागद ती अडवतो. फक्त त्याच्यासमोर हवेची पोकळी मोकळी राहायला हवी, कशाला चिकटवला की तो निव्वळ धातूचा पत्रा.

टाइल्सचा पट्टा मी आता थोडा लहान घेतला असता. रंगापेक्षा त्या एका अंशाने जास्त तापतात, मॅट असूनही पावसात निसरड्या होतात, आणि पैसे चौरस फुटाला साडेतीन पट. वावर नसेल तिथं त्यांचं काम नाही.

आणि चार बाय चारच्या चौकोनांबरोबर गच्चीवर पाणी ओतून उतारही तेव्हाच तपासायला हवा होता. वायव्येच्या कोपऱ्यात पाणी साचतं हे ऑगस्टमध्ये कळलं. तिथला रंग हिरवा झालाय आणि येत्या मार्चला तेवढा तुकडा खरवडून, उतार करून परत मारायचा आहे.

काकूंची मात्र वेगळीच तक्रार आहे. जुना काळा कोबा खालूनही भाजायचा. पांढऱ्या टाइल्सवर कुरडया वाळायला एक दिवस जास्त लागतो.